रिक्रूटरला आधी काय विचारायचं? अंबडचा अनुभव आणि पुणे विद्यापीठाची पदवी जर्मनीत कशी मोजली जाते

सातपूर, अंबड, सिन्नर पट्ट्यातल्या कंपन्यांत मेकॅनिकलवाल्यांना सध्या जर्मनीतल्या नोकऱ्यांसाठी रिक्रूटरचे फोन येतात. फोनवर पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "सर, तुमचं प्रोफाइल एलिजिबल आहे, सीव्ही पाठवा." एलिजिबल म्हणजे नेमकं कशासाठी, हे त्या फोनवर कळत नाही. मी अर्ज करण्याआधी तेच विचारत बसलो, आणि त्या विचारपूस-प्रक्रियेबद्दलच इथे लिहितोय. मुलाखत, भाषा, विमानाचं तिकीट हे पुढचे विषय आहेत.

माझी कागदपत्रं इथल्या शेकडो जणांसारखीच आहेत. दहावीनंतर तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन २०१६ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बीई. त्यानंतर सातपूरला दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपत्रकावर, आणि २०१८ पासून अंबडला क्वालिटीत, कंपनीच्या स्वतःच्या पेरोलवर.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. तुमची पदवी आणि अनुभव रिक्रूटर मोजत नाही. तो फक्त कंपनीला माणूस दाखवतो. मोजणारे तिघे असतात. जर्मन कंपनी बघते की हा माणूस आमच्या मशीनवर, आमच्या ड्रॉइंगवर काम करू शकेल का. झेडएबी नावाची सरकारी संस्था बघते की ही पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे का. आणि व्हिसा देणारं कार्यालय, बऱ्याचदा तिथल्या सरकारी रोजगार खात्याची संमती घेऊन, बघतं की नोकरीचं स्वरूप, पगार आणि तुमची पात्रता हे तिन्ही जर्मन वास्तव्य कायद्याच्या एका ठरावीक कलमात बसतात का. पहिल्याचा होकार म्हणजे बाकी दोघांचा होकार नव्हे. रिक्रूटरच्या बोलण्यात हे तिन्ही होकार एकत्र होतात, म्हणून प्रत्येक उत्तराला "हे कोण म्हणतंय, कंपनी की सरकार?" असं परत विचारावं लागतं.

मुंबईतून बोलणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमना मी पहिलाच प्रश्न टाकला: "मॅडम, माझा व्हिसा अर्ज कुठल्या कलमाखाली जाणार?" त्या म्हणाल्या, "सर, वर्क व्हिसाच असतो, टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, "वर्क व्हिसा चार प्रकारचे आहेत. ब्लू कार्ड, १८बी, १८ए की १९सी, एवढं फक्त तिकडच्या ऑफिसला विचारून ईमेलवर कळवा." हा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवला, कारण बाकी सगळी उत्तरं याच एका उत्तरावर अवलंबून असतात. त्याच पदवीची आणि त्याच अनुभवाची किंमत कलम बदललं की बदलते.

ब्लू कार्ड म्हणजे कलम १८जी. इथे इंजिनिअरला पदवी लागतेच, ती जर्मन पदवीशी तुलनीय लागते, आणि काम त्या पदवीला साजेसं लागतं. इंजिनिअरसाठी अनुभवाची कायदेशीर अट नाही, पण पगाराची किमान रेषा आहे. कलम १८बी मध्येही तुलनीय पदवी लागते, मात्र नोव्हेंबर २०२३ पासून कुठलंही कुशल काम चालतं आणि पगाराचा ठरावीक आकडा नाही. फक्त त्या भागात त्या कामाला मिळतो तेवढा पगार हवा. कलम १८ए व्यावसायिक प्रशिक्षणवाल्यांसाठी आहे. आपल्याकडचे आयटीआय आणि डिप्लोमावाले साधारण इथे येतात, आणि त्यांचं प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाच्या बरोबरीचं आहे असा निकाल आधी लागतो. कलम १९सी चा अनुभवाचा मार्ग १ मार्च २०२४ पासून रुंद झाला. तिथे पदवी किंवा किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण भारत सरकारच्या मान्यतेचं असलं की पुरतं, जर्मन तुल्यता लागत नाही. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांत त्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि पगाराची रेषा लागते.

म्हणजे एका मार्गात पदवीच सगळं काही आहे आणि अनुभव कायद्याच्या नजरेत शून्य, तर दुसऱ्या मार्गात नुसत्या पदवीने भागत नाही, अनुभवच मोजला जातो. "डिग्री आणि एक्सपिरियन्स दोन्ही कन्सिडर होतात" हे उत्तर म्हणूनच उत्तर नाही.

पदवीची बाजू रिक्रूटरला विचारण्याआधी स्वतः बघून घ्यावी, म्हणजे त्याचं उत्तर तपासता येतं. जर्मनीचा अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे, पत्ता anabin.kmk.org. पानं जर्मनमध्ये आहेत, पण ब्राउझरच्या भाषांतरावर काम भागतं. शोध दोनदा करायचा असतो आणि इथेच बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. एकदा संस्था शोधायची: देश Indien निवडायचा आणि विद्यापीठ शोधायचं. कॉलेजचं नाव टाकून काही सापडलं नाही तर घाबरू नका, कारण संलग्न कॉलेज पदवी देत नाही, विद्यापीठ देतं. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि नव्यावर दुसरं असतं. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा शहराच्या नावाने शोधलेलं बरं. संस्थेसमोर H+ असेल तर ती जर्मनीत उच्च शिक्षणसंस्था म्हणून मान्य आहे. H+/- असेल तर संस्थेतल्या सगळ्याच पदव्यांना ते लागू होत नाही. H- असेल तर मान्य नाही.

दुसरा शोध पदवीचा. संस्था H+ असली तरी तुमची विशिष्ट पदवी वेगळ्या यादीत असते आणि तिच्यासमोर तुल्यतेचा शेरा असतो. entspricht किंवा gleichwertig असा शेरा असेल तर काम झालं. bedingt vergleichbar असेल तर तुलना सशर्त आहे आणि एवढ्या प्रिंटवर व्हिसा मिळेल असं धरता येत नाही. दोन्ही पानांची पीडीएफ तारखेसकट जपून ठेवा. व्हिसा अर्जात दोन्ही पानं लागतात, आणि रिक्रूटरशी बोलतानाही ती हाताशी असावीत.

पदवी यादीतच नसेल किंवा शेरा पुरेसा नसेल, तर झेडएबीकडून वैयक्तिक तुल्यता प्रमाणपत्र काढावं लागतं. जर्मनमध्ये त्याला झोइग्निसबेवेर्टुंग म्हणतात आणि रिक्रूटर ते नाव ओळखतात. फी २०८ युरो, ती थेट झेडएबीला ऑनलाइन भरायची. हे मुद्दाम सांगतोय, कारण "डिग्री इव्हॅल्युएशन"च्या नावाखाली इथे चाळीस-चाळीस हजार मागितले जातात आणि हातात मिळतो तो एखाद्या खासगी संस्थेचा छापील अहवाल. जर्मन व्हिसासाठी त्याची किंमत शून्य आहे. पैसे मागणाऱ्याला "हे प्रमाणपत्र झेडएबीचं आहे का आणि अर्ज माझ्या नावाने, माझ्या ईमेलवरून होणार का?" एवढं विचारलं की विषय सहसा संपतो.

डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांनी एक जागा सांभाळायची. आपल्या बीईच्या गुणपत्रिका तिसऱ्या सत्रापासून सुरू होतात. नाशिकमध्ये बसून ते सगळ्यांना कळतं, पण तिकडे फाइल उघडणाऱ्याला पदवी चार वर्षांची आणि गुणपत्रिका तीनच वर्षांच्या दिसतात. म्हणून डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि त्याच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका सोबत जोडा, आणि रिक्रूटरला पाठवायच्या माहितीत एक ओळ लिहा की डिप्लोमाच्या आधारे थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश झाला. माझ्या बाबतीत तिकडच्या ऑफिसमधून पहिली शंका नेमकी हीच आली होती, आणि कागद आधीच जोडलेले असल्याने एका ईमेलमध्ये मिटली.

पासिंग सर्टिफिकेटवर थांबू नका, पदवीदानाचं प्रमाणपत्र काढून घ्या. दहा वर्षं झाली तरी ते न काढलेले लोक अंबडच्या प्रत्येक शॉपफ्लोअरवर सापडतील. नावाचंही तसंच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काहींवर आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर आणखी वेगळं. रिक्रूटरला पहिल्याच ईमेलमध्ये दोन्ही नावं जशी छापली आहेत तशी लिहून कळवा आणि कुठला पुरावा चालेल ते विचारा. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर तेही स्पष्ट लिहा. शिक्षणाचा प्रकार नंतर उघड झाला तर बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

आता अनुभव. इथे मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला, आणि नाशिकच्या पट्ट्यातल्या माणसाची खरी अडचण पदवीत क्वचित असते, ती इथे असते.

आपल्याकडचं एक्सपिरियन्स लेटर म्हणजे तीन ओळी. अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होती, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. जर्मन कंपन्यांना सवय असते ती कामाचं वर्णन करणाऱ्या पत्राची, ज्यात माणसाने रोज काय केलं ते लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे वाचणाऱ्याला "ज्युनिअर इंजिनिअर" या पदावरून काहीच समजत नाही. हे काम इंजिनिअरचं होतं की तपासनिसाचं, हे त्याला हवं असतं, आणि कलम १९सी मध्ये तर कायद्यालाच हवं असतं, कारण मोजला जातो तो केवळ कुशल कामाचा अनुभव.

म्हणून एचआरकडून पत्र मागताना मजकूर मीच तयार करून नेला आणि मॅनेजरकडून तपासून घेतला. "क्वालिटी विभागात कार्यरत" याऐवजी त्यात असं होतं: नवीन पार्टसाठी पीपॅपची कागदपत्रं तयार करणं, सीएमएमवर पहिल्या नगाची तपासणी, कंट्रोल प्लॅन बनवणं, ग्राहकाच्या तक्रारीवर एट-डी अहवाल लिहिणं, गेज आर अँड आर करणं. शेवटी आठवड्याचे तास आणि पूर्णवेळ नोकरी असल्याचा उल्लेख. या एका परिच्छेदामुळे रिक्रूटरचं उत्तर पुढे बदललं. आधी तो मला टेक्निशियनच्या जागेसाठी पुढे करत होता.

कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. सातपूरची दोन वर्षं माझं काम एका कंपनीत होतं आणि पीएफ भरला दुसऱ्याच नावाने. कंपनी पत्र द्यायला तयार असते, पण पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत कॉन्ट्रॅक्टरचं नाव दिसतं. दोन कागदांवर दोन मालक दिसले की तपासणारा सगळा कालावधीच बाजूला ठेवू शकतो. यावर एकच सरळ उपाय आहे: पत्र कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यायचं, त्यात प्रत्यक्ष काम कुठल्या कंपनीत झालं ते लिहून घ्यायचं, आणि शक्य असेल तर त्या कंपनीच्या विभागप्रमुखाचं कामाच्या स्वरूपाबद्दलचं वेगळं पत्र जोडायचं. तारखा पीएफच्या नोंदीशी महिन्यापर्यंत जुळायला हव्यात. सर्व्हिस हिस्ट्री ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून दिसते. ती आधी उतरवून घ्या आणि सीव्हीतल्या तारखा तिच्याशी पडताळा. रिक्रूटरला सीव्ही पाठवल्यावर तारखा बदलणं कठीण जातं.

अप्रेंटिस किंवा ट्रेनी म्हणून काढलेलं वर्ष अनुभवात धरणार का, हे गृहीत धरू नका, लेखी विचारा. ते प्रशिक्षण म्हणून बघितलं जाण्याची शक्यता असते. माझ्या ईमेलमध्ये हा वेगळा प्रश्न होता.

पाच वर्षांच्या खिडकीचा हिशेब एका मित्राच्या उदाहरणावरून नीट कळतो. तोही मेकॅनिकल डिप्लोमा, सात वर्षं सीएनसीवर प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग, हात अतिशय चांगला. मे २०२२ मध्ये नोकरी सोडून दिंडोरीला घरची द्राक्षबाग बघायला गेला. रिक्रूटर त्याला म्हणाला, "सात वर्षांचा अनुभव, उत्तम, एक्सपिरियन्स रूटने टाकू." आता मोजा. अर्ज मार्च २०२६ मध्ये गेला, तर खिडकी मार्च २०२१ पासून उघडते. त्यात त्याचं सीएनसीचं काम मार्च २०२१ ते मे २०२२, म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष. हवं दोन वर्षं. सात वर्षांतली पावणेसहा वर्षं खिडकीच्या बाहेर राहिली. हा अर्ज कलम १९सी खाली टिकलाच नसता आणि महिने वाया गेले असते.

पण तोच जुना अनुभव दुसऱ्या दारातून कामाला येतो. उद्योग आणि व्यापारातल्या व्यवसायांसाठी न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसाकडे तुल्यतेचा अर्ज करता येतो. ते तुमचा डिप्लोमा एखाद्या ठरावीक जर्मन व्यवसायाशी ताडून बघतात. सीएनसीवाल्यासाठी तो बहुधा त्सेरश्पानुंगसमेखानिकर, म्हणजे कटिंग मशीनवरचा कुशल कारागीर. अभ्यासक्रमात काही कमी आढळलं तर कामाच्या अनुभवाने ते भरून निघतं का हे पाहतात, आणि तिथे पाच वर्षांची खिडकी नाही. फी कामाच्या प्रमाणात १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते. निकाल पूर्ण तुल्यतेचा आला तर कलम १८ए उघडतं. अंशतः आला तर काय कमी आहे ते लेखी मिळतं आणि तेवढं प्रशिक्षण तिकडे जाऊन पूर्ण करण्याची तरतूद आहे. म्हणून डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनी रिक्रूटरला "माझा अनुभव किती धरणार?" असं न विचारता "१९सी खाली धरणार की आयएचके फोसासमोर ठेवणार, आणि तसं असेल तर कुठल्या जर्मन व्यवसायाशी तुलना करणार?" असं विचारावं. व्यवसायाचं नाव सांगता आलं नाही, तर त्याने तुमचा डिप्लोमा उघडूनही पाहिलेला नाही.

माझ्याकडे परत येतो. काही ईमेलनंतर तोंडी प्रस्ताव आला: जागा क्वालिटी टेक्निशियनची, वर्षाला ४६,५०० युरो, आणि "ब्लू कार्ड होऊन जाईल." इथे आकड्यांचा हिशेब करावाच लागतो.

२०२६ साठी ब्लू कार्डची सर्वसाधारण पगाररेषा ५०,७०० युरो आहे. ज्या व्यवसायांत माणसं कमी आहेत त्यांच्यासाठी ४५,९३४.२० युरो. हे आकडे तिथल्या पेन्शन वर्गणीच्या कमाल मर्यादेवरून ठरतात आणि दरवर्षी १ जानेवारीला बदलतात. २०२५ मध्ये ते ४८,३०० आणि ४३,७५९.८० होते. रिक्रूटरने ४६,५०० हा आकडा कमी रेषेच्या वर आहे एवढंच पाहिलं होतं. पण कमी रेषा लागू होते ती तुटवड्याच्या यादीतल्या व्यवसायांना. इंजिनिअर त्या यादीत आहे, टेक्निशियन नाही. टेक्निशियनच्या करारावर सर्वसाधारण रेषाच लागली असती, आणि ४६,५०० तिच्या ४,२०० युरो खाली. शिवाय टेक्निशियनचं काम बीईला साजेसं आहे का हा प्रश्न वेगळाच.

म्हणजे त्या प्रस्तावावर ब्लू कार्ड शक्य नव्हतं. नोकरी मात्र शक्य होती. पदवी अनाबिनवर नीट असल्याने १८बी होतं, कारण तिथे कुठलंही कुशल काम चालतं. १९सी सुद्धा होतं: त्याची २०२६ ची रेषा ४५,६३० युरो आहे आणि पाच वर्षांची पूर्ण खिडकी माझ्या अंबडच्या अनुभवाने भरत होती. कंपनी सामूहिक वेतन करार पाळत असेल तर त्या मार्गात रेषेखालचा पगारही चालू शकतो, हे तिला विचारून घ्यायचं.

मग फरक काय पडतो? व्हिसा मिळाला ना? फरक कायमच्या वास्तव्यात पडतो. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी स्थायी परवान्याचा अर्ज करता येतो, बी-१ पातळीची जर्मन असेल तर २१ महिन्यांनी. १८बी वर तीन वर्षं. १९सी वर साधारण नियमाने पाच वर्षं. बायको-मुलांना घेऊन जायचा विचार असणाऱ्या माणसासाठी ही तफावत मोठी आहे, आणि ती करारावरच्या पदाच्या एका शब्दामुळे पडते.

म्हणून मी रिक्रूटरला लिहिलं की प्रत्यक्ष काम पीपॅप, एट-डी आणि पुरवठादारांच्या तपासणीचं असेल, तर ते इंजिनिअरचं काम आहे. कंपनीने करारात आणि नोकरीच्या घोषणापत्रात तसं वर्णन करावं. हे घोषणापत्र कंपनी भरते. त्यात पद, कामाचं वर्णन, तास आणि पगार असतो, आणि रोजगार खातं त्यावरूनच तपासणी करतं. अर्ज करण्याआधी त्याचा मसुदा मागा. चांगला रिक्रूटर तो देतो, किंवा निदान कामाचं वर्णन तरी ईमेलवर पाठवतो. मात्र काम खरंच टेक्निशियनचं असेल तर कागदावर इंजिनिअर लिहून घेऊ नका. रोजगार खातं वर्णन आणि पगार दोन्ही बघतं, आणि तिथे पोहोचल्यावर त्या पदाचं काम तुम्हालाच करून दाखवायचं असतं.

याच ठिकाणी आणखी एक गैरसमज वाटेत येतो. "तुम्हाला जर्मनीत इंजिनिअर म्हणता येणार नाही" असं काही रिक्रूटर सांगतात आणि त्या आधारे पद व पगार खाली आणतात. खरी स्थिती अशी आहे की "इंजेनिऊर" ही उपाधी स्वतःच्या नावापुढे लावायला साधारणपणे त्या राज्याच्या इंजिनिअर मंडळाची परवानगी लागते. इंजिनिअरचं काम करायला मात्र कारखान्यात अशी परवानगी लागत नाही. उपाधी आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगार नोकरीचा ठरतो.

प्रश्न विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. फोनवरचं बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "येस सर"च्या पुढे काही येत नाही. मी एका पानाचा तक्ता करून ईमेलला जोडला. वरच्या भागात शिक्षण: पदवी जशी छापली आहे तशी, देणारं विद्यापीठ किंवा मंडळ, कालावधी, पूर्ण केल्याचं वर्ष, नियमित की दूरस्थ, आणि अनाबिनवरचे दोन्ही शेरे. खालच्या भागात अनुभव: महिना-वर्षासह तारखा, काम कुठे, पगार कुणाच्या नावाने, पद, आणि दोन ओळींत काम. त्याखाली चारच प्रश्न. व्हिसा कुठल्या कलमाखाली मागणार. माझी पदवी अनाबिनच्या प्रिंटवर चालेल की झेडएबीचं प्रमाणपत्र लागेल, आणि ते कोण काढणार. तक्त्यातली कुठली नोकरी अनुभवात धरली आणि कुठली नाही. पद व पगार कुठल्या रेषेत बसतात.

तिसऱ्या प्रश्नाला "एकूण नऊ वर्षं धरली" असं उत्तर आलं तर परत पाठवा आणि ओळीनिहाय उत्तर मागा. मला आलेल्या उत्तरात सातपूरची दोन वर्षं कंपनीने पगार ठरवताना धरली होती आणि व्हिसासाठी धरली नव्हती. हे योग्यच होतं, कारण ती पाच वर्षांच्या बाहेरची आहेत. असं तुकड्या-तुकड्यांत उत्तर देणारा माणूस आपलं काम जाणतो.

भारतातल्या एजंटचीही तपासणी याच टप्प्यावर करायची. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि ती emigrate.gov.in वर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पाहता येते. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यायला हवी. जर्मन कंपन्यांकडून पैसे घेणारे अनेक रिक्रूटर उमेदवाराकडून काहीच घेत नाहीत. तेव्हा "फी कोण देतं, मी की कंपनी?" हे ईमेलमध्ये एका ओळीत विचारून ठेवा.

उत्तरं आल्यावर ती करार हाती येईपर्यंत जपायची, कारण मधल्या काळात पद किंवा पगार बदलतो. मुलाखतीनंतर कंपनीने पगार हजार युरोंनी कमी केला किंवा करारात पदाचं नाव बदललं, तर कलमाचा हिशेब नव्याने करावा लागतो. डिसेंबरमध्ये ठरलेला पगार व्हिसाची तारीख जानेवारीनंतरची असेल तर नव्या वर्षाच्या रेषेशी ताडावा लागतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. तिथे फाइल देण्याच्या आठवड्यात अनाबिनची दोन्ही पानं पुन्हा उघडून नवी प्रिंट काढा, शेरा तोच आहे ना ते बघा, आणि करारावरचं पद, घोषणापत्रावरचं पद आणि रिक्रूटरच्या ईमेलमधलं पद अक्षरशः एकच आहे याची खात्री करा.